मजकूर तिसऱ्यांदा परत आला? आधी नियमपुस्तिका तपासा

लक्षण असं. शेवेच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा चाळीसेक शब्दांचा मजकूर. पहिल्यांदा परत आला तो 'ग्राहकाला "आपण" नको, "तुम्ही" करा' असा शेरा घेऊन. केलं. दुसऱ्यांदा आला, 'ग्राहकाला आदराने संबोधायचं ठरलंय, "आपण" करा.' पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तिसऱ्याच टेबलावरून आला, 'सेव की शेव, ते एकदा काय ते ठरवा.' प्रत्येक शेऱ्याखाली ब्रँडच्या नियमपुस्तिकेचं पान लिहिलेलं होतं. मी चिडून तिन्ही पानं उघडली. तिघंही बरोबर होते.

मी इंदूरच्या एका नमकीन कंपनीत मराठी मजकूर बघते. माल जळगाव, नाशिक, पुण्याकडे जातो, म्हणून पाकिटावर हिंदीसोबत मराठी असते. पुस्तिका मुळात हिंदीत लिहिलेली, शेहेचाळीस पानांची. मराठी प्रत ऑफिसातच कोणीतरी अनुवाद करून ठेवली होती. दर महिन्याला हाच तमाशा व्हायचा आणि दर वेळी मीटिंगमध्ये ठरायचं की 'लिहिणाऱ्यांनी पुस्तिका नीट वाचावी'. आम्ही नीट वाचत होतो, आणि रडगाणं तिथूनच सुरू व्हायचं.

आधी शेरे गोळा करा, पुस्तिका नंतर

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर दहाव्या पानापर्यंत सगळंच पटायला लागतं. प्रत्येक नियम एकटा वाचला की शहाणाच वाटतो. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. मागच्या तीन महिन्यांत परत आलेला सगळा मजकूर मेलमधून काढला आणि एका शीटमध्ये शेरा जसाच्या तसा उतरवला. बाजूला दोनच रकाने: पान दिलं आहे का, आणि शेरा देणाऱ्याने नेमकं काय बदलायला सांगितलं.

तेवढ्यावरूनच दुखणं तीन ढिगांत पडलं. पहिल्या ढिगात एकाच शब्दाबद्दल दोन जणांनी दोन वेगळी पानं दाखवलेली. तिथे नियम एकमेकांना छेद देतात. दुसऱ्या ढिगात पान दिलेलं, पण बदल सांगितलेला नाही, फक्त विशेषण: 'पान ३१ बघा, अजून आपुलकी हवी.' तिथे नियम मोघम आहे. तिसऱ्या ढिगात पानच नाही, 'जमत नाहीये', 'आपल्यासारखं वाटत नाही' एवढंच. तिथे बहुतेक वेळा नियम असतो, पण त्याचं उदाहरण कुठेच दिलेलं नसतं, त्यामुळे शेरा देणाऱ्यालाही बोट ठेवता येत नाही.

ही वाटणी आधी करण्याचं कारण म्हणजे तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. मोघम नियमाला दहा उदाहरणं जोडली तरी तो मोघमच राहतो, आणि विरोधी नियमांपैकी एकाला उदाहरण जोडलं तर भांडण फक्त जास्त रंगतं. (आमच्याकडे हे दोन्ही करून झालं होतं.)

एक ओळ, एक नियम

मग पुस्तिका फोडली. प्रत्येक वाक्य सुटं करून शीटमध्ये एकेका ओळीत. एका वाक्यात दोन आज्ञा असतील तर दोन ओळी. 'मजकूर छोटा, आदरपूर्ण आणि मजेदार असावा' हे एक वाक्य दिसतं, पण ते तीन नियम आहेत, आणि त्यातले दोन पुढे एकमेकांच्या नरड्याला लागतात. प्रत्येक ओळीला क्रमांक दिला. पान क्रमांकावर विसंबू नका. आमच्याकडे पुस्तिकेच्या दोन पीडीएफ फिरत होत्या आणि पान २७ वर दोघींत वेगळंच काहीतरी होतं.

ओळीच्या पुढे तीन गोष्टी लिहायच्या: विषय कोणता, कुठे लागू, आणि किती सक्तीचा. विषयाचे शब्द अगदी साधे ठेवा. संबोधन, पदार्थाचं नाव, आकडे, लांबी, दावे. मग शीट विषयावर लावली की एरवी वीस पानांच्या अंतरावर झोपलेले नियम शेजारी शेजारी येतात. संबोधनाच्या आमच्या ओळी अशा होत्या: पान ८, 'ग्राहकाला नेहमी आपण म्हणावे.' पान ३१, 'मित्राशी बोलल्यासारखे लिहावे.' पान ३८, सोशल मीडियासाठी, 'तुम्ही वापरावे.' आणि पान ३३ वरचा नमुना मजकूर, ज्यात 'तू' होता!

नमुन्यांनाही ओळ द्या, हे मुद्दाम सांगते. लोक नियम वाचत नाहीत, नमुना बघून तसं लिहितात. नियम एक सांगतो आणि त्याखालचा नमुना दुसरंच करतो, हा विरोध सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात कमी लक्षात येतो, कारण नियम लिहिणारा एक असतो आणि नमुने डिझाइनच्या वेळी दुसऱ्याच कोणीतरी भरलेले असतात.

'आपण' कुठून आला

आता हा एक धागा शेवटपर्यंत ओढून दाखवते.

हिंदी पुस्तिकेत पान ८ वर होतं, ग्राहक को हमेशा 'आप' कहें. हिंदीत प्रश्नच नाही. 'आप' दुकानदारही म्हणतो, जावईही म्हणतो. अनुवाद करणाऱ्याने 'आप'च्या जागी 'आपण' ठेवलं. दिसायला जुळी भावंडं, पण मराठीत 'आपण' दोन कामं करतं. एक, अतिआदराचा 'तुम्ही'. दुसरं, बोलणारा आणि ऐकणारा मिळून 'आपण सगळे'. आणि रोजच्या बोलण्यात दुसरंच काम जास्त.

त्या पाकिटावर वरची ओळ होती, 'आपण शेवेशिवाय पोहे खातो का कधी?' इथे आपण म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. खाली होतं, 'आपण पाकीट उघडल्यावर शेव हवाबंद डब्यात ठेवावी.' इथे आपण म्हणजे ग्राहक. एकाच पाकिटावर, चार बोटांच्या अंतरावर. पुण्याच्या वितरकाकडच्या माणसाने फोनवर विचारलं, "ताई, डब्यात आम्ही ठेवून पाठवायची का?" तो चेष्टा करत होता, पण वाचन त्याचं चूक नव्हतं.

म्हणजे हा विरोध 'आपण विरुद्ध तुम्ही' असा चवीचा नव्हताच. नियमाने हिंदीत जे साधायचं ठरवलं होतं, म्हणजे आदर, ते मराठीत 'तुम्ही'नेच होतं. दुरुस्त ओळ अशी झाली:

'पाकीट, जाहिरात, सोशल मीडिया: ग्राहकाला तुम्ही, क्रियापद आज्ञार्थात (ठेवा, घाला, खा). आपण फक्त कंपनी आणि ग्राहक दोघे मिळून असतील तेव्हाच. तक्रारीच्या लेखी उत्तरात आपली तक्रार, आपला पत्ता चालेल. तू कुठेही नाही.'

पान ३८ वरचा नियम वेगळा ठेवायची गरज उरली नाही. पान ३३ वरचा नमुना काढून टाकला. पान ३१ वरचं 'मित्राशी बोलल्यासारखं' मात्र विरोधी नव्हतं. ते मोघम होतं, म्हणून त्याला दुसऱ्या रांगेत पाठवलं.

दोन नियम भिडतात असं दिसलं की मी आता तीन प्रश्न विचारते. दोन्ही एकाच जागी लागू आहेत का? नसतील तर प्रत्येकाला त्याची जागा लिहून द्या, विरोध मिटला. एक जुना आणि एक नवा आहे का? जुना उडवा, 'संदर्भासाठी' म्हणून ठेवू नका. दोन्ही एकाच जागी आणि दोन्ही चालू? मग तो निर्णय लिहिणाऱ्याचा नाही. ज्याच्या सहीने पुस्तिका निघते त्याच्यापुढे दोन ओळी आणि एक खरं पाकीट ठेवायचं. फक्त ओळी ठेवल्या तर 'दोन्हीचा समतोल साधा' असं उत्तर येतं, आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

'सेव की शेव' याचं उत्तर पहिल्या प्रश्नातच मिळालं. पान १२ म्हणत होतं की पदार्थाचं नाव कधीही भाषांतरित करू नये. पान २७ म्हणत होतं की महाराष्ट्राच्या पाकिटावर स्थानिक शब्द वापरावेत. समोरच्या बाजूचं 'लौंग सेव' हे नाव आहे, ते तसंच राहील. मागच्या वाक्यांतला पदार्थ हा सामान्य नाम आहे, तिथे 'शेव'. दोन जागा, दोन नियम. सहा महिने यावर मेल चालले होते.

'पाहिजे'ने केलेला घोळ

सक्तीच्या रकान्याबद्दल थोडं सविस्तर, कारण हे द्विभाषिक ऑफिसातलं खास दुखणं आहे. हिंदीतलं 'करना चाहिए' बहुतेक वेळा सल्ला असतो. मराठीत त्याचं 'केलं पाहिजे' झालं की ती सक्ती होते. आमच्या हिंदी पुस्तिकेत होतं, वाक्य छोटे होने चाहिए. मराठीत झालं, वाक्ये छोटी असली पाहिजेत. हिंदी मजकूर तपासणारे भैया लांब वाक्य सोडून द्यायचे आणि मराठी तपासणाऱ्या ताई तेच वाक्य परत पाठवायच्या. दोघं एकाच नियमावर काम करत होते.

त्यात आपलं 'करावे'. सरकारी मराठीत 'करावे' म्हणजे कराच. घरात 'पाहुण्यांना आधी वाढावं' म्हणजे बरं दिसतं. पुस्तिकेत जवळजवळ प्रत्येक ओळ 'वे'ने संपत होती, म्हणजे सक्ती कळायची सोयच नाही.

इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांना हाच त्रास झाला होता. १९९७ मध्ये त्यांनी आरएफसी २११९ हा दोन-तीन पानांचा दस्तऐवज काढला, फक्त 'मस्ट', 'शुड', 'मे' या शब्दांचे अर्थ पक्के करायला. त्यातली 'शुड'ची व्याख्या मला फार कामाची वाटते: सबळ कारण असेल तर हा नियम सोडता येतो, पण परिणाम समजून-उमजूनच. मी मराठीसाठी तीन ठरावीक शेपट्या घेतल्या. सक्तीला 'च' लावायचा: 'तुम्हीच वापरायचं'. सल्ल्याला 'शक्यतो', आणि त्याच्या पुढे कधी सोडता येईल ते लिहायचं. सुटीला 'चालेल'. 'वे' आणि 'पाहिजे' पुस्तिकेतून हद्दपार.

मोघम नियम कसा पकडायचा

काही शब्द दिसले की मोघमपणाचा वास येतो. ते शीटमध्ये शोधायला गुगल शीट्समधलं हे सूत्र पुरतं. बी रकान्यात नियम आहेत असं धरून:

```
=REGEXMATCH(B2,"योग्य|आवश्यकतेनुसार|आपुलकी|साध|सहज|मजेदार|दर्जेदार")
```

'साधा' न शोधता 'साध' शोधलं आहे, कारण मराठीत तो 'साध्या', 'साधी', 'साधेपणाने' असा वेष बदलत फिरतो. 'साधन', 'साधारण' असलेही चुकून हाती लागतील, ते डोळ्याने गाळा. सूत्र फक्त संशयित दाखवतं. गुन्हा सिद्ध करायला माणसं लागतात.

त्याची चाचणी सोपी आहे. नियम निवडा. त्या विषयाची दहा खरी वाक्यं घ्या, काही छापलेली, काही परत आलेली. दोन जणांना वेगवेगळं बसवा, एकमेकांशी बोलू न देता प्रत्येक वाक्याला पास किंवा नापास लिहायला सांगा. आम्ही पान ३१ चा नियम घेतला, 'हलकेफुलके लिहावे, पण पोरकट नको.' एका डिझायनर ताईंनी आणि मार्केटिंगच्या एका मुलाने उत्तरं दिली. दहापैकी चार वाक्यांवर एकमत. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच झालं असतं. दोघंही हुशार आणि दोघंही वर्षानुवर्षं हेच काम करणारे, त्यामुळे दोष माणसांवर ढकलायची सोय नव्हती.

मग मतभेद झालेली सहा वाक्यं समोर ठेवून विचारलं, नापास का केलं? ताई म्हणाल्या, "उद्गारचिन्हं." मुलगा म्हणाला, "उद्गारचिन्हाचं काही नाही, पण 'यम्मी' नको ना!" म्हणजे एकाच विशेषणाखाली दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. त्या बाहेर काढल्या. नियम झाला: 'एका मजकुरात एकच उद्गारचिन्ह चालेल. लहान मुलांच्या तोंडचे शब्द (यम्मी, टेस्टी-टेस्टी) नाहीच. विनोद खाण्याबद्दल चालेल, खाणाऱ्याबद्दल नाही.' तीच दहा वाक्यं आठवड्याने दुसऱ्या दोघांना दिली. नऊवर एकमत. दहावं होतं पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याबद्दलचं, 'जिरावन विसरलात? मग पोहे खाल्लेच नाहीत तुम्ही.' विनोद खाण्याबद्दल की खाणाऱ्याबद्दल? ते अजून तसंच आहे, आणि असू दे. प्रत्येक गोष्ट मोजता येते असा माझा दावा नाही. अशा ठिकाणी नियमापुढे फक्त 'निर्णय कोणाचा' एवढं लिहिलं आहे.

उदाहरणांच्या जोड्या

आमच्या पुस्तिकेत 'काय करू नये' अशी एक चौकट होती. त्यातलं चुकीचं उदाहरण होतं, 'ए, खा ना आमची शेव!!!' असं कोणी लिहीत नाही. ज्याला लिहिण्याचे पैसे मिळतात तो तर नाहीच. असं कागदी चुकीचं उदाहरण वाचून प्रत्येकाला वाटतं, मी बरोबरच लिहितोय. चुकीचं उदाहरण परत आलेल्या ढिगातूनच उचलायचं, म्हणजे कोणा शहाण्या माणसाने खरंच लिहिलेलं, आणि पहिल्या वाचनात बरं वाटणारं.

दुसरी अट, जोडीत फरक एकाच गोष्टीचा हवा. माझी पहिली जोडी ही होती:

चूक: 'खमंग, कुरकुरीत आणि अप्रतिम चवीची ही शेव तुमचा प्रत्येक क्षण खास बनवेल.'
बरोबर: 'पोह्यांवर मूठभर घाला, लिंबू पिळा, लगेच खा.'

मला फार आवडली होती. एका नव्या मुलीला दाखवून विचारलं, यातून काय कळलं? ती म्हणाली, "आज्ञा द्यायची." मला शिकवायचं होतं ते विशेषणांबद्दल. वाक्याची लांबी, क्रियापद, विशेषणं, दावा, सगळंच बदललेलं, तर तिने तरी काय ओळखायचं? बदललेली जोडी दिसायला नीरस आहे, पण काम करते:

चूक: 'खमंग, कुरकुरीत आणि अप्रतिम चवीची लवंग घातलेली शेव.'
बरोबर: 'लवंग घातलेली कुरकुरीत शेव.'
का: विशेषण एकच, आणि ते तोंडात टाकल्यावर पडताळता येईल असं. 'अप्रतिम' पडताळता येत नाही.

'का'ची ओळ विसरू नका. तिच्याशिवाय लोक उदाहरण पाठ करतात, आणि मग सगळ्या पाकिटांवर 'कुरकुरीत' येतं. प्रत्येक नियमाला जोडी लागत नाही. ज्या नियमावर तीन महिन्यांत दोनदा तरी मजकूर परत आला आहे, त्याच नियमाला द्या. आमच्याकडे असे नियम नऊ निघाले.

पुस्तिकेच्या बाहेरचा विरोध

एक विरोध शीटमध्ये सापडला नाही, कारण त्याची दुसरी बाजू पुस्तिकेत नव्हतीच. पान ९ वर मोठ्या अक्षरांत होतं, 'ताजेपणा हा आमचा आत्मा आहे, तो प्रत्येक मजकुरात आला पाहिजे.' अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या एफएसएसएआयच्या जाहिरात आणि दाव्यांच्या २०१८ च्या विनियमांत 'ताजे', 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक', 'अस्सल' अशा अर्थाच्या शब्दांना अटी आहेत. 'ताजे' हा शब्द मुख्यतः अशा पदार्थासाठी आहे ज्यावर धुणं, सोलणं, कापणं, थंड करणं यापलीकडे प्रक्रिया झालेली नाही. तळलेली शेव त्यात बसत नाही. म्हणजे नियम पाळला की कायदा मोडतो, आणि कायदा पाळला की मजकूर 'आत्मा दिसत नाही' म्हणून परत येतो.

म्हणून शीटमध्ये 'दावे' या विषयाच्या ओळी सगळ्यात वर ठेवा आणि त्या कायद्याचं काम बघणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. मजकूर लिहिणाऱ्याने विनियमांचा अर्थ स्वतः लावत बसू नये, मीही लावत नाही. मी फक्त यादी करून पाठवली. परत आली तेव्हा पान ९ वर काट होती आणि त्या जागी लिहिलं होतं, 'वास, आवाज, तिखटपणा यांबद्दल लिहा.' हा तर मला आयता लेखनाचा नियमच मिळाला.

आता काय स्थिती आहे

तो पाकिटाचा मजकूर शेवटी असा गेला: 'लवंगेचा झणका आधी नाकाला लागतो, मग जिभेला. पोह्यांवर मूठभर घाला. पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा. आपण शेवेशिवाय पोहे खातो का कधी?' शेवटचा 'आपण' सगळ्यांचा, बाकी क्रियापदं तुम्हीची. एकदाही परत आला नाही. पुस्तिका शेहेचाळीस पानांवरून एकोणीसवर आली.

परत येणं थांबलेलं नाही, पण शेऱ्याखाली आता ओळीचा क्रमांक असतो. ज्या शेऱ्याला क्रमांक नाही तो आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वेगळा काढतो आणि ठरवतो, नवी ओळ हवी की शेरा मागे घ्यायचा. या सोमवारी पडलेला प्रश्न: पुण्याच्या पाकिटावर 'नमकीन' लिहायचं की 'फरसाण'. इंदूरच्या माणसाला शेवेला फरसाण म्हटलेलं सहन होत नाही, आणि पुण्याच्या दुकानात नमकीन मागितलं तर मिठाची बिस्किटं पुढे येतात. ती ओळ अजून कोरी आहे.